गुलाबी कोबाल्ट, निळा कोबाल्ट : रंगाचा प्रश्न आणि चुंबकाचे उत्तर

कोबाल्ट क्लोराइडचा गुलाबी द्राव आणि त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर होणारा गडद निळा रंग उच्च माध्यमिक वर्गाच्या प्रयोगशाळेत अनेकांनी पाहिलेला असतो. निळ्या द्रावात पाणी ओतले की तो पुन्हा गुलाबी होतो. पाणी व आम्ल बेताने मिसळून मधल्या छटेचा द्राव केला, तर तो तापवल्यावर निळा आणि बर्फात ठेवल्यावर गुलाबी होतो. धातू तोच, त्याचा प्रभार तोच, इलेक्ट्रॉनही तेवढेच. मग रंग का बदलतो?

या प्रश्नाला दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ झाँ हेलो याने १७३७ साली कोबाल्टच्या खनिजापासून केलेल्या 'अदृश्य शाई'चे वर्णन प्रसिद्ध केले. या शाईची अक्षरे थंड कागदावर जवळजवळ दिसत नाहीत, कागद शेकला की उमटतात आणि हवेतील ओलावा शोषून पुन्हा नाहीशी होतात. पुढे दीर्घ काळ याचा अर्थ सरळ लावला जाई : पाणी असले की गुलाबी, पाणी गेले की निळा. पण आम्ल घातलेल्या द्रावात तर पाणी भरपूर असते. तरीही तो निळा का होतो, याचे उत्तर या स्पष्टीकरणात नव्हते.

१९०२ साली डॉनन आणि बॅसेट या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी अशा द्रावातून विद्युतप्रवाह सोडून पाहिला. निळा रंग धनाग्राकडे सरकू लागला. साधा कोबाल्ट आयन धनप्रभारित असल्याने तो ऋणाग्राकडे जायला हवा. याचा अर्थ निळ्या रंगाचा कण ऋणप्रभारित होता, म्हणजेच कोबाल्टने क्लोराइड आयनांना स्वतःला जोडून घेतले होते. त्याआधी १८९३ साली आल्फ्रेड वेर्नरने धातूच्या अणूभोवती ठरावीक संख्येने शेजारी ठरावीक जागी बसतात, ही कल्पना मांडलेली होतीच. आज आपण ही क्रिया अशी लिहितो :

[Co(H2O)6]2+ + 4Cl– ⇌ [CoCl4]2– + 6H2O

डावीकडच्या गुलाबी आयनात सहा पाण्याचे रेणू अष्टफलकाच्या सहा टोकांवर असतात. उजवीकडच्या निळ्या आयनात चार क्लोराइड चतुष्फलकाच्या चार टोकांवर असतात. डावीकडून उजवीकडे जाताना उष्णता शोषली जाते, म्हणून तापवल्यावर द्राव निळा होतो. शेजारी सहाचे चार झाले की रंग का पालटतो, हे मात्र समीकरणातून कळत नाही. ते उत्तर भौतिकशास्त्रातून आले, आणि तेही रंगाचा नव्हे तर चुंबकत्वाचा अभ्यास करताना.

घनात बसवलेला अणू

१९२९ साली तेवीस वर्षांच्या हान्स बेथेने एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याचा प्रश्न असा होता : मोकळ्या अणूत ज्या इलेक्ट्रॉन-पातळ्या समान ऊर्जेच्या असतात, त्या अणू स्फटिकात बसल्यावर समान राहतील का? त्याचे उत्तर होते, नाही. भोवतालच्या आयनांचे विद्युत क्षेत्र सर्व दिशांना सारखे नसते. त्यामुळे पातळ्या फुटतात, आणि त्या कशा फुटतील हे शेजाऱ्यांच्या मांडणीच्या सममितीवरून ठरते. यालाच पुढे 'स्फटिक-क्षेत्र सिद्धांत' हे नाव पडले.

हे समजण्यासाठी एक पोकळ घन डोळ्यांपुढे आणा. त्याच्या मध्यबिंदूवर धातूचा आयन आहे. त्याची पाच डी-ऑर्बिटले दोन गटांत पडतात. दोघांच्या गटाचे पाकळ्यांसारखे भाग घनाच्या पृष्ठांच्या मध्याकडे रोखलेले असतात. तिघांच्या गटाचे भाग घनाच्या कडांच्या मध्याकडे रोखलेले असतात.

अष्टफलकी रचनेत सहा शेजारी घनाच्या सहा पृष्ठांच्या मध्यावर येतात, म्हणजे दोघांच्या गटाच्या अगदी समोर. तेथील इलेक्ट्रॉनांना शेजाऱ्यांच्या ऋण प्रभाराचे प्रतिकर्षण जास्त जाणवते, म्हणून त्या दोघांची ऊर्जा वाढते. तिघांचा गट शेजाऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असतो, म्हणून तो खाली राहतो.

चतुष्फलकी रचनेत चार शेजारी घनाच्या आठ कोपऱ्यांपैकी एक सोडून एक अशा चार कोपऱ्यांवर असतात. आता कोणताच गट शेजाऱ्यांच्या नेमका समोर नाही. पण कोपऱ्याच्या दिशेपासून तिघांचा गट सुमारे ३५ अंशांवर आहे आणि दोघांचा सुमारे ५५ अंशांवर. म्हणजे तिघांचा गट अधिक जवळ. त्यामुळे तिघे वर जातात आणि दोघे खाली येतात. क्रम नेमका उलटा होतो.

शिवाय दोन गटांतील अंतरही कमी होते. शेजारी तेच आणि तेवढ्याच अंतरावर आहेत असे धरले, तर चतुष्फलकी विभाजन अष्टफलकीच्या चार-नवमांश येते. सहाऐवजी चार शेजारी असल्याने दोन-तृतीयांश, आणि कोणीच समोरासमोर नसल्याने पुन्हा दोन-तृतीयांश, असा हा गुणाकार लक्षात ठेवता येतो. हे अंतर एवढे लहान असते की वर चढण्याऐवजी खालच्याच ऑर्बिटलमध्ये जोडी करून बसणे इलेक्ट्रॉनांना सहसा परवडत नाही. म्हणून चतुष्फलकी संयुगांत इलेक्ट्रॉन शक्यतो सुटे राहतात.

कोबाल्ट आणि निकेल यांचे कोडे

बेथेच्या निबंधाचा उपयोग प्रथम केला तो अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात असलेल्या जॉन व्हॅन व्लेक याने. त्याच्यापुढे एक चमत्कारिक कोडे होते. कोबाल्ट आणि निकेल आवर्त सारणीत शेजारी. त्यांचे सजल क्षारही सारख्याच घडणीचे, दोघांभोवतीही सहा पाण्याचे रेणू. पण निकेलच्या स्फटिकाचे चुंबकत्व कोणत्याही दिशेने मोजले तरी जवळजवळ सारखे येते, तर कोबाल्टच्या स्फटिकात ते दिशेनुसार खूप बदलते. निकेलमध्ये फरक एक-दोन टक्क्यांचा, आणि कोबाल्टमध्ये तो वीस-तीस टक्क्यांपर्यंत जातो.

इलेक्ट्रॉनाला चुंबकत्व दोन प्रकारे येते. एक त्याच्या स्पिनमुळे आणि दुसरे त्याच्या केंद्रकाभोवतीच्या फिरण्यामुळे. स्पिनला स्फटिकाच्या दिशांची फारशी पर्वा नसते. फिरण्याचे चुंबकत्व मात्र ऑर्बिटलांच्या दिशांशी बांधलेले असते, म्हणून स्फटिकातील बारीकसारीक विकृतीसुद्धा त्याला जाणवते. आणि फिरण्यासाठी इलेक्ट्रॉनाला जागा लागते. एकाच ऊर्जेच्या ऑर्बिटलांपैकी एखादे अर्धवट मोकळे असेल, तरच तो एकातून दुसऱ्यात सरकत केंद्रकाभोवती फेरा घेऊ शकतो.

आता मोजून पाहू. अष्टफलकी निकेलमध्ये आठ डी-इलेक्ट्रॉन : खालच्या तिघांत सहा, म्हणजे पूर्ण भरलेले, आणि वरच्या दोघांत एकेक. तिघांच्या गटात सरकायला जागाच नाही. वरच्या दोघांच्या गटाचा आकारच असा आहे की एक फिरवून दुसऱ्यावर आणता येत नाही, म्हणून तेथेही फेरा होत नाही. निकेलचे चुंबकत्व जवळजवळ सगळे स्पिनचे. अष्टफलकी कोबाल्टमध्ये सात इलेक्ट्रॉन : वरच्या दोघांत एकेक आणि खालच्या तिघांत पाच. तिघांच्या गटात एका इलेक्ट्रॉनाची जागा रिकामी आहे, आणि ही रिकामी जागा तिघांत फिरू शकते. म्हणून कोबाल्टमध्ये फिरण्याचे चुंबकत्व शिल्लक राहते आणि दिशेचा फरक दिसतो.

व्हॅन व्लेक आणि त्याच्याबरोबर काम करणारे पेनी व श्लाप यांनी १९३२ साली हे गणिताने मांडले. त्यांचे गणित वरच्यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे होते, पण निष्कर्ष हाच : एकाच प्रकारच्या क्षेत्रात निकेल आणि कोबाल्ट यांच्या पातळ्यांचा क्रम एकमेकांच्या उलट असतो. त्याच वर्षी डच भौतिकशास्त्रज्ञ गोर्टर याने दाखवून दिले, की सहाऐवजी चार शेजारी घेतले तर क्षेत्राचे चिन्हच बदलते आणि क्रम उलटतो.

या दोन्हींतून एक स्पष्ट भाकीत निघते. चतुष्फलकी कोबाल्टमध्ये दोघांचा गट खाली असतो व तो चार इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरतो. उरलेले तीन इलेक्ट्रॉन वरच्या तिघांत एकेक बसतात. सरकायला जागा कुठेच नाही. सुटे इलेक्ट्रॉन गुलाबी आयनात तीन आणि निळ्या आयनातही तीनच. पण गुलाबी कोबाल्ट दिशेला संवेदनशील असायला हवा, आणि निळा तसा नसावा.

कलकत्त्यातील मापन

हे तपासण्याची तयारी भारतात झालेली होती. के. एस. कृष्णन हे आधी ढाक्याला आणि १९३३ पासून कलकत्त्याच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत स्फटिकांच्या चुंबकत्वाची मोजमापे करीत होते. त्यांची पद्धत साधी आणि अतिशय अचूक होती. लहानसा स्फटिक क्वार्ट्झच्या बारीक तंतूला टांगून एकसमान चुंबकीय क्षेत्रात सोडायचा. त्याची जास्त चुंबकत्वाची दिशा क्षेत्राच्या दिशेत येऊन तो स्थिर होतो. मग तंतूचे वरचे टोक हळूहळू पिळत जायचे. स्फटिक थोडा थोडा वळतो, पण क्षेत्र त्याला मागे ओढत असते. ही ओढ ४५ अंशांच्या कोनात सर्वांत जास्त असते. त्यापुढे ती कमी होऊ लागते, पीळ वरचढ होतो आणि स्फटिक एकदम गर्रकन फिरतो. त्या क्षणापर्यंत किती पीळ दिला होता, यावरून दोन दिशांच्या चुंबकत्वांतील फरक थेट काढता येतो. दोन मोठ्या संख्या वेगवेगळ्या मोजून वजाबाकी करावी लागत नाही, हे या पद्धतीचे मर्म.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे रचना निश्चित ठाऊक असलेला निळा स्फटिक. १९३५ साली पॉवेल आणि वेल्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने सीझियम कोबाल्ट क्लोराइडची, म्हणजे Cs3CoCl5 ची रचना शोधली. सूत्रात क्लोरीन पाच दिसत असले तरी कोबाल्टभोवती चारच आहेत आणि ते चतुष्फलकाच्या टोकांवर आहेत. पाचवा दूर, स्वतंत्र आहे, असे त्यांना आढळले. १९३७ साली कृष्णन आणि त्यांचे सहकारी मुखर्जी यांनी अशा निळ्या सीझियम क्षारांचे दिशानुरूप चुंबकत्व मोजले. ते गुलाबी क्षारांच्या मानाने फारच थोडे निघाले. भाकीत खरे ठरले होते.

रंगाकडे परत

चुंबकत्वाचे अभ्यासक १९३० च्या दशकात येथवर पोचले, तरी रसायनतज्ज्ञांनी ही विचारपद्धती रंगासाठी वापरायला आणखी बराच काळ गेला. १९५१ साली इल्सं आणि हार्टमान या जर्मन संशोधकांनी सर्वांत सोपे उदाहरण निवडले : जांभळट रंगाचा [Ti(H2O)6]3+ आयन. यात डी-इलेक्ट्रॉन एकच. तो खालच्या तिघांच्या गटातून वरच्या दोघांत उडी मारतो, तेव्हा सुमारे ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळसर हिरवा प्रकाश शोषला जातो. उरलेला तांबडा आणि जांभळा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. येथे शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा म्हणजेच दोन गटांतील अंतर.

कोबाल्टमध्ये मात्र इतके सोपे नाही, आणि पाठ्यपुस्तके वाचताना नेमका येथेच घोटाळा होतो. ऊर्जा मोजण्यासाठी 'एका सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा मावतात' हे एकक वापरू. गुलाबी आयन सुमारे ५१० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतो, म्हणजे सुमारे १९,५०० लाटा. पण त्यातील दोन गटांचे अंतर सुमारे ९,३०० लाटांचेच आहे. सात इलेक्ट्रॉन एकमेकांनाही दूर लोटतात. उडी मारताना त्यांची आपसातली मांडणीही बदलते आणि त्याची किंमत प्रकाशाला भरावी लागते. म्हणून एकाहून अधिक इलेक्ट्रॉन असताना 'शोषलेल्या प्रकाशाची ऊर्जा म्हणजे विभाजन' हे सूत्र डोळे मिटून वापरू नये.

निळ्या आयनात दोन गटांचे अंतर सुमारे ३,३०० लाटा आहे. चार-नवमांशाच्या हिशेबाने सुमारे ४,१०० यायला हवे होते. पण शेजारीही बदलले आहेत, आणि क्लोराइडचे क्षेत्र पाण्यापेक्षा दुबळे असते. हा आयन ६०० ते ७०० नॅनोमीटरच्या टप्प्यातला नारिंगी-तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून निळा दिसतो.

छटेइतकाच रंगाचा गडदपणाही महत्त्वाचा आहे. तेवढ्याच संहतीचा निळा द्राव गुलाबी द्रावापेक्षा सुमारे शंभरपट जास्त प्रकाश शोषतो. अष्टफलकाला सममितीचे केंद्र असते : एका शेजाऱ्याच्या बरोबर विरुद्ध दुसरा असतोच. अशा रचनेत एका डी-ऑर्बिटलातून दुसऱ्यात जाणारी उडी प्रकाशाला मना असते. अणूंच्या कंपनांमुळे सममिती क्षणभर बिघडते, तेवढ्यापुरतीच ती घडते. चतुष्फलकाला असे केंद्र नाही, म्हणून तेथे ही बंदी सैल पडते.

याचा परिणाम प्रत्यक्ष प्रयोगात दिसतो. समजा, द्रावातील फक्त ५ टक्के कोबाल्ट निळ्या रूपात आहे. निळ्या रूपाचा शोषणांक ६०० आणि गुलाबीचा ५ धरला, तर निळ्याचा वाटा ६०० × ०.०५ = ३० येतो आणि गुलाबीचा ५ × ०.९५ = ४.७५. द्राव निळा दिसेल, पण त्यातील ९५ टक्के कोबाल्ट अजून अष्टफलकीच आहे. 'द्राव निळा झाला, म्हणजे क्रिया पूर्ण झाली' असे वहीत लिहिणारा विद्यार्थी डोळ्यांनी पाहिलेले खरे सांगतो, पण त्याचा निष्कर्ष चुकतो.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. पूर्ण निर्जल घन कोबाल्ट क्लोराइड फिकट निळे असते. ते पाहून त्यात कोबाल्ट चतुष्फलकी असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या स्फटिकात प्रत्येक कोबाल्टभोवती सहा क्लोराइड अष्टफलकी रचनेत आहेत. क्लोराइडच्या दुबळ्या क्षेत्रामुळे शोषण तांबड्याकडे सरकलेले असते, एवढेच. 'निळा म्हणजे चार शेजारी' हा नियम म्हणून खात्रीचा नाही.

चुंबकत्वाची साक्ष

रंग फसवतो तेथे चुंबकीय आघूर्ण मोजणे उपयोगी पडते. तीन सुट्या इलेक्ट्रॉनांचे केवळ स्पिनमुळे येणारे आघूर्ण √(३ × ५) म्हणजे ३.८७ बोर मॅग्नेटॉन. अष्टफलकी कोबाल्टमध्ये प्रत्यक्षात ते साधारण ४.७ ते ५.२ आढळते, जास्तीचा भाग फिरण्याचा. चतुष्फलकी कोबाल्टमध्ये फिरायला जागा नाही असे आपण म्हटले, मग ३.८७ यायला हवे. पण मोजल्यावर येते ४.४ ते ४.८. सिद्धांत चुकला का?

नाही. खालच्या पातळीत फिरणे नसले, तरी स्पिन आणि फिरणे यांच्यातील आंतरक्रियेमुळे वरच्या पातळीचा थोडा अंश खालच्या पातळीत मिसळतो. ही आंतरक्रिया कोबाल्टसाठी सुमारे १७२ लाटांची आहे. हिशेब असा : ३.८७ ला (१ + ४ × १७२ ÷ विभाजन) ने गुणायचे. क्लोराइडसाठी विभाजन ३,३०० घेतले, तर कंसातील संख्या १.२१ होते आणि आघूर्ण सुमारे ४.७ येते. प्रत्यक्ष मापनही याच्या अगदी जवळ आहे. थायोसायनेटचे क्षेत्र अधिक प्रबळ, विभाजन सुमारे ४,५०० लाटा. त्यासाठी उत्तर सुमारे ४.५ येते, आणि मापनात आघूर्ण खरोखरच क्लोराइडपेक्षा कमी, साधारण ४.४ भरते. म्हणजे विभाजन जितके लहान, तितके आघूर्ण मोठे. रंगावरून विभाजन काढावे आणि त्यावरून चुंबकत्वाचे भाकीत करावे, इतकी ही दोन्ही निरीक्षणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

अष्टफलकी आणि चतुष्फलकी कोबाल्टच्या आघूर्णांच्या मर्यादा एकमेकींना अगदी चिकटून आहेत, म्हणून ४.७ च्या आसपासची एकच संख्या निर्णायक मानता येत नाही. अशा वेळी दिशानुरूप फरक, तापमानाबरोबर होणारा बदल किंवा रंगाचा गडदपणा यांची जोड घ्यावी लागते.

क्रम उलटण्याची गोष्ट खरी असेल, तर निकेलच्या बाबतीत याच्या विरुद्ध घडले पाहिजे. चतुष्फलकी निकेलमध्ये खालचे दोघे चार इलेक्ट्रॉनांनी भरतात आणि वरच्या तिघांत चार उरतात, म्हणजे तेथे सरकायला जागा आहे. अष्टफलकी निकेलचे आघूर्ण २.९ ते ३.३ असते. १९५९ साली गिल आणि नायहोम यांनी चतुष्फलकी [NiCl4]2– असलेले क्षार तयार केले. या आयनाचे आघूर्ण सुमारे ३.९ भरते. अष्टफलकी क्षारांत शांत असलेला निकेल चार शेजाऱ्यांमध्ये बसताच कोबाल्टसारखा वागू लागला, आणि तो निळाही होता.